पाठिंब्याचं वाक्य

अमेरिकेतल्या एडिसनमध्ये मराठी बाईला इंडोनेशियन भाषा येते म्हटलं की लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, कशाला शिकलात. दुसरा, बालीला स्वस्तात कधी जावं. दोन्ही प्रश्नांचा मला कंटाळा आलेला आहे, पण पहिल्याचं उत्तर इथे लागणार आहे म्हणून सांगून टाकते. माझे यजमान जावामध्ये बांडुंगजवळच्या एका सूतगिरणीत चौदा वर्षं नोकरीला होते. घरात बसून डोकं फुटायची वेळ आली तेव्हा मी आधी बाजारात, मग शेजारणींकडे आणि शेवटी परदेशी लोकांसाठीच्या रीतसर वर्गात ती भाषा शिकले. इथे आल्यावर कळलं की आसपासच्या गावांत इंडोनेशियन लोकांची चांगली वस्ती आहे आणि हॉस्पिटलांना दुभाषे मिळत नाहीत. तेव्हापासून मी तेच करते. हॉस्पिटलात दुभाष्याचं काम, आणि घरी बसून कागदपत्रांची भाषांतरं. जन्मदाखले, लग्नाचे दाखले, लसीकरणाची कार्डं. त्यात कोणाच्या भावनांचा संबंध येत नाही, आणि मला ते बरं वाटतं.

एक पद्धत मात्र मी पहिल्यापासून पाळते. भाषांतर हातात देण्यापूर्वी ते मी गिऱ्हाइकाला उलटं वाचून दाखवते. म्हणजे इंडोनेशियनमध्ये जे लिहिलं ते त्याला कळणाऱ्या भाषेत, ओळ न ओळ. वेळ जातो, लोक घड्याळाकडे बघतात, पण सहीच्या वर काय आहे हे सही करणाऱ्याला ठाऊक असलं पाहिजे, असा माझा हट्ट आहे. यजमान याला मास्तरकी म्हणतात. म्हणोत.

ती माझ्याकडे आली ती फेब्रुवारीत. पिस्कॅटवेला राहणारी, मूळची नागपूरची. मराठी मंडळाच्या संक्रांतीला तिळगुळाच्या टेबलाशी कोणीतरी तिला सांगितलं असावं की त्या काकूंना ती भाषा येते. फोनवर तिने एवढंच विचारलं, की काकू, एक लेटर आहे, ट्रान्सलेट कराल का, कोणाला सांगू नका. मला वाटलं व्हिसाचं काही लफडं असेल. हल्ली सगळं व्हिसाचंच असतं.

तसं ते नव्हतं. जावामधल्या एका कलासंस्थेची दहा महिन्यांची शिष्यवृत्ती होती, नैसर्गिक रंग आणि बाटिक शिकण्यासाठी. बाटिक म्हणजे कापडावर मेणाने नक्षी काढायची आणि मग ते रंगात बुडवायचं. मेण लागलेल्या जागी रंग चढत नाही. संस्था परदेशातले मोजकेच लोक घ्यायची. अर्जासोबत प्रेरणापत्र हवं होतं, म्हणजे मला इथेच का यायचंय आणि पुढे काय करणार, याचं दोन पानी पत्र. इंग्रजीत चाललं असतं, पण इंडोनेशियन भाषांतर जोडणं सक्तीचं होतं, कारण निवड समितीतले निम्मे लोक जुने कारागीर होते आणि ते इंग्रजी वाचत नसत. पहिली चाळणी त्या पत्रावरच होती. आणि वयाची अट होती: पस्तिशीच्या आत. ती चौतीस पूर्ण करून बसली होती. पुढच्या वर्षी दार बंद. हे तिने मला दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा टेबलाकडे बघत.

तिची हकिगत थोडक्यात अशी. कॉलेजात टेक्स्टाइल शिकली, मग भंडाऱ्याकडे कोशाचं रेशमी कापड विणणाऱ्यांबरोबर तीन वर्षं रंगकाम केलं. मग लग्न. नवरा आयटीतला, डिपेंडंट व्हिसावर ही इथे आली, आणि नऊ वर्षं कामाचा परवाना नाही म्हणून घरी. मुलगी आठ वर्षांची. पण नुसती बसली नव्हती. ओक ट्री रोडवरच्या हॉटेलांतून कांद्याची सालं पोत्याने आणायची, घराच्या मागे पडलेली अक्रोडाची काळी टरफलं भिजत घालायची, गॅरेजमध्ये पातेली मांडून कापडं रंगवायची. लायब्ररीत बायकांना फुकट शिकवायची. एक वही होती तिची, प्रत्येक रंगाची चिंधी चिकटवलेली आणि खाली कृती. ती वही बघून मी मनात म्हटलं, ही बाई काम करणारी आहे.

पत्र मात्र भयंकर होतं. इंटरनेटवरचे नमुने बघून लिहिलेलं होतं ते सरळ दिसत होतं. सुरुवात नाट्यमय: पहिल्यांदा निळीच्या पातेल्यात हात बुडवला आणि मला मी सापडले, वगैरे. मग माझ्यासारखा अनुभव क्वचितच कोणाकडे असेल. मग माझं नेतृत्व. मग मी जगाचा कपड्याचा धंदा बदलून टाकणार. अमेरिकेत असं लिहावं लागतं, मला माहीत आहे. इथे स्वतःची जाहिरात स्वतः केली नाही तर लोक समजतात की विकायला काही नाही. पण जावामधल्या साठीच्या कारागिरासमोर असं बोलणं म्हणजे पाहुणे जेवायला बसायच्या आत माझी आमटी काय झालीय म्हणून सांगण्यासारखं आहे. तिला मी हे बोलून दाखवलं. ती हसली नाही. म्हणाली, मग तुम्हाला योग्य वाटेल तसं करा ना काकू, टोन तुमच्यावर सोडते.

टोन माझ्यावर सोडला, आणि मी माती खाल्ली.

त्याचं असं झालं. मी पुण्याच्या म्युनिसिपालटीच्या शाळेत शिकले. आम्हाला अर्ज लिहायला शिकवलं होतं, आणि तो अर्ज माझ्या हाडात बसलेला आहे. वरती आदरणीय, मध्ये परिस्थिती, खाली कृपावंत व्हावे आणि आपली नम्र. जावामध्ये नम्रता लागते म्हटल्यावर माझ्या हाताने तोच अर्ज उचलला. तिची नऊ वर्षं मी अशी लिहिली की वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं: परदेशात एकटी, कामाची परवानगी नाही, साधनं नाहीत, गॅरेजमध्ये कशीबशी रंग करते, तरी आपण मोठ्या मनाने संधी द्यावी. इंडोनेशियन अगदी शुद्ध. मी स्वतःवर खूष होते.

माझं लिहिलेलं मी एका बाईंना दाखवते. त्यांना सगळे इबू म्हणतात, म्हणजे आपल्याकडे बाई किंवा आई म्हणतो तसं. जावामध्ये तीस वर्षं कॉलेजात शिकवून आता मुलाकडे राहायला आलेल्या. तिकडे असताना शिष्यवृत्त्यांच्या समितीवर बसलेल्या होत्या. त्यांना न दाखवता कागद बाहेर देणं मला आजही जिवावर येतं, कारण भाषा कितीही आली तरी ती माझी जन्माची नाही. इबूंनी पत्र वाचलं, चष्मा काढला, आणि अतिशय गोड आवाजात विचारलं की याला गरिबीचा दाखला जोडणार आहात का. तिकडे असा दाखला खरोखर मिळतो, वॉर्डाच्या ऑफिसातून. त्यांचं म्हणणं होतं की हे प्रेरणापत्र नाही, ही याचना आहे, आणि समितीला दया दाखवायची नसते, माणूस निवडायचा असतो.

मला राग आला. चौदा वर्षं त्यांच्या देशात काढली मी, आणि आता नम्रता म्हणजे काय हे शिकायचं? पण चहा गार होईपर्यंत माझं मलाच दिसायला लागलं. इबूंनी समजावलं ते असं, की तिकडे नम्र असणं म्हणजे स्वतःला खाली ढकलणं नव्हे. वाक्यात स्वतःच्या शेजारी आणखी कोणालातरी जागा करून देणं. मी शिकले असं नुसतं म्हणू नका, मला अमक्या विणकर आजीने शिकवलं असं म्हणा. मी जग बदलीन असं म्हणू नका, परत गेल्यावर कुठल्या गावात, किती बायकांबरोबर, काय करणार ते सांगा. नऊ वर्षं रिकामी होती म्हणून रडू नका, त्या वर्षांत काय केलं ते वहीसकट दाखवा. आणि सरकारी कागदासारखा शेवट ठेवा: हे पत्र मी खरेपणाने लिहिलं आहे, आपल्या वेळेबद्दल आभार.

मग त्यांनी एक गोष्ट सुचवली. लग्न झालेली बाई, आठ वर्षांची मुलगी, दहा महिने दुसऱ्या देशात. समितीतल्या बायका आधी हेच बघतील की घरचं काय. मध्येच सोडून परत गेली तर जागा फुकट जाते. म्हणून तिकडे सगळे एक वाक्य घालतात, पती आणि कुटुंबाच्या पूर्ण पाठिंब्याने मी हा अर्ज करत आहे. नसलं की डोळ्यांना खुपतं.

आता, नवऱ्याच्या पाठिंब्याचं वाक्य. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पुरुष उमेदवाराला बायकोचा पाठिंबा विचारतात का? इबू म्हणाल्या, कधीकधी विचारतात, पण कमी. आणि चहाचे कप उचलून आत गेल्या. मी घरी येऊन पत्र नव्याने लिहिलं. तिला फोन करून करून माहिती घेतली: भंडाऱ्याला तिला रंग शिकवणाऱ्या विणकर आजी, लायब्ररीतल्या बायका, परत आल्यावर कोशाच्या कापडावर मेणाचं काम करून बघायचं आणि रंगांच्या कृतींची वही मराठीत विणकरांच्या हातात द्यायची. सगळं तिच्याच तोंडचं होतं. मूळ इंग्रजीही तिने त्याप्रमाणे बदललं, कारण भाषांतर मुळाला सोडून चालत नाही. जिथे जिथे मी मांडणी बदलली तिथे समासात पेन्सिलीने खूण केली, तिला दाखवायला.

पाठिंब्याच्या वाक्याला मात्र मी खूण केली नाही. इंग्रजीत ते घालायलाही सांगितलं नाही. खरं सांगायचं तर ते मला वाक्य वाटलंच नाही. पत्राच्या शेवटी आपली विश्वासू लिहितो, तेव्हा कोण विचार करतं आपण विश्वासू आहोत का म्हणून.

अर्जाची मुदत संपायला सहा दिवस होते तेव्हा ती उलटं वाचन ऐकायला आली. मंगळवारची सकाळ, मुलगी शाळेत गेलेली. मी वाचत गेले. आदरणीय निवड समिती. ती खुर्चीत मागे टेकून ऐकत होती. विणकर आजींच्या ओळीला तिचे डोळे भरून आले, आणि मी बघितलं न बघितलंसं केलं. अक्रोडाच्या टरफलांची ओळ आली, तेव्हा म्हणाली की हे माझ्यापेक्षा छान आहे. मग मी वाचलं, पती आणि कुटुंबाच्या पूर्ण पाठिंब्याने.

ती सरळ बसली. "काकू, हे कुठून आलं?"

मी सांगितलं, रीत आहे, सगळे लिहितात.

"पण हे खरं नाहीये. त्याला मी अजून सांगितलंच नाहीये."

मी कागद खाली ठेवला. दोन महिने ही बाई माझ्या घरी येत होती, फोन करत होती, वही दाखवत होती, आणि घरी नवऱ्याला पत्ता नव्हता. कोणाला सांगू नका, याचा अर्थ मला तेव्हा लागला. तिचं म्हणणं, आधी सिलेक्ट तर होऊ दे, मग बघू. उगाच होणार नसलेल्या गोष्टीवरून घरात महाभारत कशाला.

आणि मग मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. मी तिला म्हटलं, राहू दे की वाक्य. फॉर्मॅलिटी आहे ती. काढलंस तर मार्क जातील, आणि पुढच्या वर्षी तुला वय आडवं येणार आहे. कोण बघायला येतंय पिस्कॅटवेला. हे सगळं मी म्हटलं. सहीच्या वर काय आहे हे ठाऊक असलं पाहिजे म्हणणारी मी.

तिने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. लिपी रोमनच, ती तिला वाचता येत होती, अर्थ मी नुकताच सांगितला होता: हे पत्र मी खरेपणाने लिहिलं आहे. म्हणाली, याच्या खाली सही करायचीय मला. मग वाक्य काढू या, मी म्हटलं. तेही तिला पटेना. इबूंनी का सुचवलं होतं ते मी बोलून चुकले होते, आणि समितीचा प्रश्न तिला रास्त वाटत होता. तिलाच तो प्रश्न पडलेला होता, म्हणूनच तर ती घरी बोलली नव्हती. वहीची पानं ती उगाच पुढेमागे करत राहिली. शेवटी उठली, कोट घातला आणि म्हणाली की विचारते त्याला आजच. दारात जाऊन परत वळली आणि म्हणाली, परवानगी नाही हं विचारणार, पाठिंबा विचारणार. मी मान हलवली. फरक मला कळत होता, पण त्याला कळेल की नाही याची मला खात्री नव्हती.

बुधवारी फोन नाही. गुरुवारी नाही. मी स्वतःहून केला नाही. आगाऊपणा पुरेसा झाला होता. शुक्रवारी संध्याकाळी तिचा दोन ओळींचा मेसेज आला, की बोलले, तो धड हो-नाही म्हणत नाहीये, स्टॅम्पिंगचं म्हणतोय आणि मुलीचं म्हणतोय. तेही खोटं नव्हतं. एकदा देशाबाहेर गेलं की परत येताना व्हिसाचा शिक्का नव्याने घ्यायचा, आणि तो मिळेपर्यंत कोणाच्याच हातात काही नसतं. सोमवारी मुदत संपत होती.

शनिवारी सकाळी दारावर तो. मी त्याला मंडळात लांबून पाहिलं होतं, गणपतीत खुर्च्या लावणाऱ्यांपैकी एक. उंच, वाकून उभा राहणारा. काकू, थोडा वेळ आहे का, म्हणाला. पायातले बूट काढून व्यवस्थित जोडून ठेवले. मला वाटलं, आता हा भांडणार, आणि मी मनातल्या मनात उत्तरं जुळवायला लागले. भांडायचं झालं तर मी काही कमी नाही.

तो भांडला नाही. म्हणाला, ते लेटर मला वाचून दाखवा, मराठीत. मी विचारलं, तिला माहीत आहे का तू आलायस ते. तिनेच पाठवलंय, म्हणाला. ती म्हणाली मी सांगितलं तर आर्ग्युमेंट होईल, काकूंकडून ऐक. तरी मी तिला फोन लावून खातरजमा केली आणि मग वाचायला बसले. तीच खुर्ची, तेच पत्र.

वाचताना मी मध्येमध्ये त्याच्याकडे बघत होते. भंडाऱ्याच्या आजींबद्दल त्याला माहीत नसावं. गॅरेजमधल्या पातेल्यांबद्दल अर्थातच माहीत होतं. त्या पातेल्यांपायी नऊ हिवाळे त्याची गाडी बाहेर बर्फात उभी होती आणि रोज सकाळी तो काच खरवडत होता. पण लायब्ररीत ती बायकांना शिकवते हे त्याला माहीत नव्हतं. मुलीला तिथे गोष्टी ऐकायला घेऊन जाते एवढंच तो समजत होता. ती ओळ त्याने मला पुन्हा वाचायला लावली. मग पाठिंब्याचं वाक्य आलं, आणि मी तेही वाचलं, न गाळता.

त्याने कागद आपल्याकडे वळवून घेतला. मग विचारलं, हे सगळं तिचंच आहे की तुमचं? मी म्हटलं, तिचं. भाषा माझी. आणि हे शेवटचं? हे माझं, मी म्हटलं. तिचं नाही. ती तर ते खोटं आहे म्हणून उठून गेली. मी ठेव म्हणत होते.

मला वाटलं तो आता मला काहीतरी सुनावेल, आणि ते मला लागूही पडलं असतं. त्याने टेबलावरची माझी पेन्सिल सरळ करून ठेवली.

"'पूर्ण' काढा," तो म्हणाला. "पाठिंबा राहू दे."

मी त्याला समजावायला गेले की ते जोडूनच लिहितात, तशी पद्धत आहे, नुसता पाठिंबा वाचायला लंगडा वाटतो. तो ऐकून घेत होता, पण त्याची मान हलली नाही. म्हणाला, आत्ता तेवढाच आहे काकू. मुलीला शाळेत कोण सोडणार, मला अजून माहीत नाही. तिला परत शिक्का मिळेल का, माहीत नाही. खोटं कशाला लिहायचं. बूट घालता घालता एवढंच म्हणाला, की तिने आधी सांगायला पाहिजे होतं. ते मला नव्हतं, पण ऐकणारी मीच होते.

तो गेल्यावर मी हसले, एकटीच. दोघं एकमेकांशी धड बोलत नव्हते, आणि खरेपणाच्या बाबतीत दोघांचा हट्ट एकच. मी तो शब्द काढला. इंग्रजीतही तिने तेच वाक्य तसंच घातलं, 'पूर्ण' वगळून. इबूंना दाखवलं तेव्हा त्यांनी भुवया उंचावल्या. मी सगळी हकिगत सांगितली. त्या म्हणाल्या, मग हात लावू नका. रविवारी दुपारी अर्ज गेला.

पहिल्या चाळणीतून ती पुढे गेली. मुलाखत व्हिडिओवर झाली, आपली सकाळ आणि त्यांची संध्याकाळ, मुलगी बसमध्ये चढल्यावर. संस्थेने दुभाषी त्यांचीच दिली होती, म्हणून मी तिथे नव्हते. हे तिने नंतर सांगितलेलं. रंगांबद्दल खूप विचारलं. अक्रोडाच्या टरफलाचा तपकिरी रंग उन्हात टिकतो का, हे एका म्हाताऱ्या कारागिराने तीन वेळा विचारलं. शेवटी एक वयस्क बाई म्हणाल्या, आमच्याकडे सगळ्यांचा पाठिंबा पूर्ण असतो, तुमचा नुसताच का. तिने सांगितलं, नवऱ्याने तेवढाच लिहायला सांगितला. बाई कागदावर काहीतरी लिहीत राहिल्या. संपलं सगळं, असं ती मला फोनवर म्हणाली. त्या दिवशी मीही तेच धरून चालले आणि स्वतःला बऱ्याच शिव्या घातल्या.

तीन आठवड्यांनी निवड झाल्याचं कळलं.

पण त्या देशात कागद संपत नाहीत. निवड झालेल्यांनी आठवड्याभरात घरच्यांचं संमतिपत्र पाठवायचं होतं, विवाहित असल्यास पतीच्या किंवा पत्नीच्या सहीचं. छापील फॉर्म. पुन्हा शनिवार, पुन्हा तो दारात, हातात फॉर्म. या वेळी मुलगीही बरोबर होती. ती सरळ आत जाऊन सोफ्यावर पुस्तक वाचत बसली. नमस्कार कर म्हटल्यावर तिथूनच हाय आजी म्हणाली. मी त्याला विचारलं, काय ठरलं मग. तो म्हणाला, शाळेत मी सोडणार, ऑफिसला दहाला जातो आता, मॅनेजरशी बोललो. पहिले पाच महिने आई येतेय. पुढचं पुढे बघू. शिक्क्याचं विचारलं तर नुसतं तोंड वाकडं केलं. बाबाला दोन भाज्या जमायला लागल्यात, असं पुस्तकातून डोकं न काढता मुलीनेच सांगितलं. इंग्रजीत सांगितलं, आणि एक बरी होते अशी पुस्ती जोडली.

फॉर्म अर्ध्या पानाचा होता. तिने आपला भाग भरून पाठवला होता. तो म्हणाला, सही करायच्या आधी वाचून दाखवा, तुमची ती पद्धत आहे ना. मी वाचलं. मी, खाली सही करणारा, अमुकचा पती, या पत्राद्वारे तिला या अभ्यासक्रमासाठी परवानगी, तिरकी रेघ, पूर्ण पाठिंबा, देत आहे.

वाचताना माझी जीभ अडखळली. छापीलच होतं ते. मी घातलेलं नव्हतं, हे मी त्याला लगेच सांगितलं. त्याने मान डोलावली आणि त्या दोन पर्यायांपुढे असलेल्या छोट्या चांदणीकडे बोट केलं. हे काय? त्या देशातल्या प्रत्येक फॉर्मवर ती चांदणी असते, आणि पानाच्या तळाला बारीक अक्षरात तिचा अर्थ. मी वाचला: जे लागू नसेल ते खोडा.

त्याने विचारलं, यातला परवानगी कुठला? मी दाखवला. पाठिंबा? दाखवला. पूर्ण? तोही दाखवला. तो थोडा वेळ तिन्ही शब्दांकडे बघत राहिला, जणू आता कळणारच आहेत. मागच्या वेळेचा 'पूर्ण' माझ्या चांगलाच लक्षात होता, आणि या वेळी तो खोडला तर संस्था काय म्हणेल, हा विचार डोक्यात फिरत होता. पण या वेळी मी तोंड उघडलं नाही.

त्याने माझ्याकडे पेन मागितलं. शिसपेन्सिल नको म्हणाला. मग फूटपट्टी मागितली. आणि फूटपट्टी धरून, सरळ एक रेघ मारून, त्याने परवानगी खोडली.